निकाल तिकडचा, दरखास्त इकडची

नाशिकचं जिल्हा न्यायालय सीबीएस बसस्थानकासमोर आहे. तिथे रोज शेतीच्या वाटणीचे, भाडेकरूंचे, धनादेश न वटल्याचे खटले चालतात. त्याच न्यायालयात काही वर्षांपूर्वी एक दरखास्त दाखल झाली. मागणारी कंपनी फ्रान्समधली, निकाल देणारं न्यायालय इंग्लंडमधलं आणि पैसे देणारी कंपनी नाशिकची. रक्कम होती १२,२२९ पौंड आणि ७५ पेन्स, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दहा लाख रुपये. इंग्लंडच्या न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २००६चा, आणि त्याची नाशकात वसुली होऊ शकते यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं ते डिसेंबर २०१६मध्ये. दहा लाखांसाठी दहा वर्षं.

अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध सेलेम या नावाने हे प्रकरण वकिलांना ठाऊक आहे. आत काय होतं ते पाहिलं की परदेशी निकालाची गुंतागुंत कळते. फ्रेंच कंपनीने नाशिकच्या कंपनीवर इंग्लंडमध्ये दावा लावला. नाशिकची कंपनी तिथे हजर झाली आणि म्हणाली, या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकल्या, हा आक्षेप फेटाळला आणि त्या वादाचा खर्च नाशिकच्या कंपनीवर टाकला. मूळ दाव्याचा निकाल अजून व्हायचाच होता. हाती आलेला आदेश फक्त खर्चाचा. तेवढ्यावर नाशिकच्या कंपनीच्या मालमत्तेची जप्ती मागता येते का, असा प्रश्न उभा राहिला. खर्च हा काही दंड नव्हे की कर नव्हे, न्यायालयाने कारणं देऊन ठरवलेली ती पैशाची रक्कमच आहे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ‘येते’ असं उत्तर दिलं.

‘दंड नव्हे की कर नव्हे’ हे शब्द थेट कायद्यातून आलेले आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची. तिच्यात १९३७ साली कलम ४४-अ घातलं गेलं. केंद्र सरकारने राजपत्रात ज्या देशाला ‘व्यतिकारी प्रदेश’ म्हणून जाहीर केलं असेल, म्हणजे जिथे आपले हुकूमनामे चालतात आणि तिथले आपल्याकडे चालतात, त्या देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात दाखल करावा, म्हणजे तो त्याच जिल्हा न्यायालयाने दिल्यासारखा अंमलात आणता येतो. यातून कर आणि तत्सम आकारणी वगळली आहे, दंड वगळला आहे, लवादाचा निवाडाही वगळला आहे. दुसऱ्या देशाचा आयकर आपण वसूल करून देत नाही, इतकी साधी गोष्ट.

यादी फार मोठी नाही. इंग्लंड १९५३पासून आहे, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड, बांगलादेश आहेत. मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल झाला १७ जानेवारी २०२० रोजी. त्या दिवशी संयुक्त अरब अमिराती यादीत आली. दुबईची न्यायालयं, अबू धाबी आणि रास अल खैमाचे न्याय विभाग, शारजा आणि इतर अमिरातींमधली संघीय न्यायालयं, सर्वोच्च संघीय न्यायालय, शिवाय दुबई आणि अबू धाबीच्या वित्तीय केंद्रांची स्वतंत्र न्यायालयं, सगळी एका अधिसूचनेत नावानिशी. तोवर दुबईत कर्ज बुडवून कोकणात घरी परतलेल्या माणसामागे तिथल्या बँकेला इथे नव्याने दावाच लावावा लागे. आता दरखास्त लागते.

दावा आणि दरखास्त यातला फरक ज्याला कोर्टाची पायरी चढावी लागली आहे त्याला सांगायला नको. दाव्यात सुरुवातीपासून सिद्ध करायचं असतं, साक्षीपुरावा येतो, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. दरखास्त म्हणजे ते सगळं झालेलं आहे, आता फक्त वसुली करून द्या. अमेरिका या यादीत नाही. म्हणून न्यू जर्सीच्या न्यायालयातला निकाल घेऊन कुणी पुण्यात आला तर त्याला दरखास्त घालता येत नाही. त्या निकालाच्या आधारावर इथे दावा लावायचा, तोही निकालापासून तीन वर्षांच्या आत, आणि त्यात हुकूमनामा मिळाल्यावर मग दरखास्त. अमेरिकेतल्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना ते खरं वाटत नाही. एवढ्या मोठ्या देशाचा निकाल आणि चालत नाही? चालतो, पण लांबच्या वाटेने.

वाट कुठलीही असो, नाका एकच. त्याचं नाव कलम १३.

हे कलम म्हणतं की परदेशी निकाल पक्षकारांवर बंधनकारक आहे, सहा अपवाद सोडून. निकाल देणाऱ्या न्यायालयाला अधिकार नसेल तर. निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल तर. आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावून, किंवा भारतीय कायदा लागू असताना तो डावलून दिलेला असेल तर. नैसर्गिक न्याय पाळला नसेल तर. फसवणुकीने मिळवला असेल तर. आणि ज्या हक्कावर तो उभा आहे तो हक्कच भारतीय कायद्याचा भंग करणारा असेल तर. कलम ४४-अ खालच्या दरखास्तीतही सामनेवाला हे सहाही मुद्दे काढू शकतो आणि त्यातला एक जरी सिद्ध झाला तरी आपल्या न्यायालयाने अंमलबजावणी नाकारायची. मात्र निकाल बरोबर की चूक, हे इथे पुन्हा तपासायचं नाही. शारजाच्या न्यायाधीशाने हिशेबात चूक केली असं वाटत असेल तर त्याने शारजात अपील करायला हवं होतं. रत्नागिरीचं न्यायालय शारजाचं अपील न्यायालय नव्हे.

सहातले तीन मुद्दे माझ्या पाहण्यात खरी लढाई ठरवतात: अधिकार, गुणदोष आणि नैसर्गिक न्याय. बाकीचे तीन जाबात असतात खरे, पण बहुधा यादी पूर्ण व्हावी म्हणून.

आधी अधिकार. इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात मराठी सरदार आहे. सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांनी १९४७च्या मे महिन्यात ग्वाल्हेरच्या न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी राहणारे उत्तर प्रदेशातले. ते ग्वाल्हेरला फिरकलेच नाहीत. नोव्हेंबर १९४८मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. मग संस्थानं विलीन झाली, राज्यघटना आली, ग्वाल्हेर आणि अलाहाबाद एकाच देशात आले, आणि हुकूमनामा अंमलबजावणीसाठी अलाहाबादला गेला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालणार नाही. हुकूमनामा झाला त्या दिवशी त्या प्रतिवादींच्या दृष्टीने ग्वाल्हेरचं न्यायालय परदेशी होतं. ते तिथे राहत नव्हते, हजर झाले नव्हते, त्यांनी त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला नव्हता. नंतर देश एक झाला म्हणून मुळात नसलेला अधिकार मागाहून येत नाही.

आजही कसोटी हीच आहे. ज्याच्यावर निकाल लादायचा तो त्या देशाचा नागरिक होता का? दावा लागला तेव्हा तिथे राहत होता का? त्याने स्वतःच त्या न्यायालयात दावा लावला होता का? आपणहून हजर झाला का? किंवा करारात ‘वाद झाल्यास अमुक न्यायालय’ असं लिहून दिलं होतं का? यातलं काहीच नसेल तर परदेशी न्यायालय आपल्या कायद्याने स्वतःला कितीही समर्थ समजो, आपल्याकडे त्याला किंमत नाही. ‘आपणहून हजर’ होण्यात मात्र अनेकांचा पाय घसरतो. हैदराबाद संस्थान परकं होतं त्या काळातलं एक प्रकरण आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लागला, प्रतिवादी हैदराबाद हद्दीतले. त्यांनी मुंबईत अर्ज केला की आम्हाला बचावाची परवानगी द्या. परवानगी अटीवर मिळाली, अट त्यांनी पाळली नाही आणि हुकूमनामा झाला. पुढे त्यांनी अधिकार नव्हता असा मुद्दा काढला, पण परवानगी मागितली त्याच क्षणी त्यांनी न्यायालय मान्य केलं होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. अर्धं पाऊल टाकलं तरी पूर्ण पाऊल टाकल्यासारखंच.

मराठवाड्यातल्या माणसासाठी मुंबईचं न्यायालय एके काळी परदेशी होतं, ही गोष्ट आज ऐकायला गमतीची वाटते. पण परदेशी निकालांचा आपला बराचसा कायदा अशा संस्थानी भांडणांतून घडला आहे, लंडन-न्यूयॉर्कमधून नव्हे.

दुसरा मुद्दा गुणदोषांचा. यावर सर्वाधिक दरखास्ती आपटतात. प्रतिवादी आला नाही, जाब दिला नाही, म्हणून वादीने मागितली तेवढी रक्कम न्यायालयाने मंजूर केली, असा निकाल गुणदोषांवरचा नसतो. इंग्लंडमध्ये जाब न दिल्यास असा हुकूमनामा जवळपास कारकुनी पद्धतीने मिळू शकतो. छापील नमुना, रक्कम, शिक्का. लोकरीच्या व्यापारातल्या एका भारतीय कंपनीविरुद्ध इंग्लंडचा असा निकाल होता. इंटरनॅशनल वुलन मिल्स या नावाच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली अंमलबजावणी नाकारली. एकतर्फी असणं हा दोष नव्हे, असंही तिथेच स्पष्ट केलं. एकतर्फी असला तरी न्यायाधीशाने पुरावा पाहिला, कागद तपासले, थोडक्यात का होईना कारणं लिहिली, तर तो गुणदोषांवरचा. त्यातला एक विचार मला फार व्यवहारी वाटतो. गुणदोषांवर निकाल नाही हे सिद्ध करायचं ओझं तसं आक्षेप घेणाऱ्यावर. पण तिकडच्या न्यायाधीशाच्या मनात काय चाललं होतं याचा पुरावा सामनेवाला कुठून आणणार? म्हणून निकालाचा कागदच बोलला पाहिजे.

यातून परदेशातल्या वकिलांसाठी एक धडा निघतो. भारतात मालमत्ता असलेल्या माणसाविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा मिळत असेल तर तेवढ्यावर खूश होऊ नका. न्यायालयाला विनंती करा की पुरावा घ्या, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र वाचा, कारणांसह निकाल लिहा. दरखास्तीचं यश अशा प्रकारे दरखास्तीच्या कित्येक महिने आधी, दुसऱ्याच देशात ठरलेलं असतं. इथे आल्यावर कागदात नसलेली कारणं आम्ही कुठून घालणार?

तिसरा मुद्दा नैसर्गिक न्याय. याचा अर्थ माणसाला खबर मिळाली का आणि बोलायची संधी मिळाली का. समन्स खरंच कुठे आणि कसं बजावलं, याच्या कागदाला दरखास्तीत सोन्याचं मोल आहे. शारजात राहतच नाही अशा माणसाला शारजाच्या वर्तमानपत्रातून समन्स काढलं आणि तो देवरुखला आंब्याला पाणी घालत होता, तर आमच्याकडे तो निकाल तग धरणं कठीण.

देवरुखचं नाव आलंच आहे, तर एक प्रकरण कल्पनेने पुढे नेऊन पाहू. दोघा भागीदारांचं शारजात टाइल्सचं दुकान होतं. धंदा मोडला, हिशेब झाला आणि देवरुखच्या भागीदाराने कबुलीपत्र लिहून दिलं: चार लाख दिरहम देणं लागतो, वाद झाल्यास शारजाच्या न्यायालयात जाऊ. मग तो गावी परतला. पैसे आले नाहीत. दुसरा भागीदार शारजात राहतो. त्याने तिथे दावा लावला. समन्स दोन देशांमधल्या १९९९च्या कराराच्या मार्गाने दिल्लीच्या विधी मंत्रालयातून रत्नागिरीला आलं, बेलीफ देवरुखच्या घरी गेला, मालकाने सही करून ते घेतलं आणि कपाटात ठेवलं. ‘आपण गेलोच नाही तर निकाल लागू होणार नाही,’ असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

शारजाच्या न्यायालयाने हिशेब तपासायला तज्ज्ञ नेमला. तिकडे हा रिवाजच आहे. पैशाच्या वादात न्यायालय हिशेबतज्ज्ञाचा अहवाल मागवतं. अहवालात बँकेचे उतारे, कबुलीपत्र, मालाची बिलं तपासली गेली, आणि निकालात त्यावर दोन पानं कारणं आली. चार लाख दिरहम आणि दरसाल पाच टक्के सरळ व्याज. शारजातल्या बँक खात्यात देवरुखकराचे साठ हजार दिरहम होते, ते तिथेच जप्त होऊन वसूल झाले.

आता दरखास्त. ती घालायची रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात, कारण माणूस आणि त्याची बाग त्या हद्दीत. देवरुखच्या दिवाणी न्यायाधीशाकडे नव्हे. कलम ४४-अ जिल्हा न्यायालयाचंच नाव घेतं. सोबत हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल हवी. आणि दुसरा एक कागद, जो आणायला लोक हमखास विसरतात: हुकूमनामा किती फेडला गेला याचा शारजाच्या न्यायालयाचा दाखला. कायद्यानेच तो मागितला आहे आणि तो नसेल तर दरखास्त अडते. त्या दाखल्यात साठ हजार दिरहम वजा झालेले दिसले पाहिजेत. निकाल अरबीत, म्हणून अधिकृत भाषांतर. नकलेवर तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणि भारतीय वकिलातीचा शिक्का. दरखास्तदार शारजात असल्याने इथल्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र, तेही वकिलातीतून साक्षांकित केलेलं. आणि अपिलाची मुदत संपून निकाल अंतिम झाल्याचा कागद जोडलेला बरा.

दरखास्तीचा अर्ज हा एक तक्ता असतो. दाव्याचा क्रमांक, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, काही रक्कम मिळाली का, आधी दरखास्त केली होती का, किती येणं, आणि शेवटच्या रकान्यात न्यायालयाकडून कोणती मदत हवी ते. येणं असं मांडायचं: मुद्दल चार लाख, दावा लावल्यापासून दोन वर्षांचं व्याज चाळीस हजार, वजा साठ हजार, राहिले तीन लाख ऐंशी हजार दिरहम. दर बावीस रुपये धरला तर ८३ लाख ६० हजार रुपये. दराची तारीख आणि आधार अर्जातच लिहायचा, नाहीतर पहिल्या तारखेला त्यावरूनच वाद.

या तक्त्याला जोडून आम्ही एक प्रतिज्ञापत्र देतो आणि त्यात कलम १३च्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर देतो, सामनेवाल्याने विचारण्याआधीच. कलम १४ प्रमाणित नकलेवरून असं गृहीत धरू देतं की परदेशी न्यायालयाला अधिकार होता; पण ते गृहीतक मोडता येतं. म्हणून कबुलीपत्रातला ‘शारजाच्या न्यायालयात जाऊ’ हा ओळीचा तुकडा अधोरेखित करून जोडायचा. ती ओळ नसती तर? दावा लागला तेव्हा माणूस शारजात राहत नव्हता, हजरही झाला नाही. मग शितोळ्यांच्या ग्वाल्हेरच्या हुकूमनाम्याचंच नशीब याही निकालाच्या वाट्याला येण्याची भीती. एका ओळीवर त्र्याऐंशी लाख.

गुणदोषांसाठी तज्ज्ञाचा अहवाल आणि निकालातली कारणांची पानं. नैसर्गिक न्यायासाठी बेलीफाचा सहीचा अहवाल. हेच तिथल्या ‘पैसे भरण्याच्या आदेशा’वरून असतं, म्हणजे कागद पाहून, समोरच्याला सुनावणीला न बोलावता दिलेल्या झटपट आदेशावरून, तर मी अशिलाला आधीच सांगितलं असतं की सामनेवाल्याच्या वकिलाला इथे बोट ठेवायला जागा आहे.

मुदतीचं प्रकरण वेगळंच दुखणं आहे. आपला हुकूमनामा बारा वर्षं चालतो म्हणून परदेशी हुकूमनामाही बारा वर्षं चालेल, असा अनेकांचा समज होता. एका भारतीय बँकेकडे इंग्लंडचा २० फेब्रुवारी १९९५चा, दुसऱ्या भारतीय बँकेविरुद्धचा बारा लाख डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा होता. तिने बंगळुरूत दरखास्त घातली ऑगस्ट २००९मध्ये, साडेचौदा वर्षांनी. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्या देशात निकाल झाला त्या देशाची मुदत पाहायची, आणि इंग्लंडमध्ये ती सहा वर्षांची आहे. तिकडे मेलेला हुकूमनामा इकडे जिवंत होत नाही. मात्र तिकडे मुदतीत अंमलबजावणी सुरू केली, काही वसूल झालं आणि उरलेल्यासाठी इकडे यायचं झालं, तर तिकडची कारवाई संपल्यापासून तीन वर्षं मिळतात. आमच्या प्रकरणात साठ हजार दिरहमांच्या वसुलीची तारीख म्हणूनही महत्त्वाची.

दरखास्त दाखल झाली की लगेच जप्ती येत नाही. कलम ४४-अच्या दरखास्तीत आदेश २१, नियम २२ प्रमाणे आधी नोटीस काढावी लागते, की अंमलबजावणी का करू नये याचं कारण दाखवा. देवरुखकराच्या हाती पुन्हा बेलीफ कागद ठेवतो. या वेळी तो वकील करतो. वकील कलम १३चे सहाही मुद्दे टाकतो, फसवणुकीसकट. फसवणुकीचा आरोप करणं सोपं, पण कुठली बाब लपवली, कुणी, कधी, हे तपशिलाने सांगावं लागतं. ‘हिशेब खोटा होता’ एवढं पुरत नाही. हिशेबावर तिथे बोलायला बोलावलं होतं, आपण आला नाहीत.

अशा वेळी एक धारदार प्रश्न कधी कधी येतो, तो सहाव्या अपवादाचा. समजा देणं टाइल्सचं नसून सिंगापूरच्या कॅसिनोतल्या उधारीचं असतं. पैजेचा करार आपल्या करार कायद्याने निरर्थक. शिवाय जुन्या मुंबई इलाख्यात १८६५चा एक कायदा आहे, जो पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवतो. उरलेल्या भारतात तशी तरतूद नाही. निरर्थक करार आणि कायद्याचा भंग या दोन गोष्टी एक नव्हेत, असं दरखास्तदार म्हणेल. या वादाला महाराष्ट्रात इतर राज्यांपेक्षा जास्त धार येते ती त्या दीडशे वर्षं जुन्या कायद्यामुळे. टाइल्सच्या प्रकरणात त्याचं काही काम नाही.

हरकती फेटाळल्या गेल्या की न्यायालय देवरुखकराला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगतं. बंगला, बाग, बँकेतली मुदत ठेव, गाडी. नेसूचे कपडे, भांडीकुंडी, कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याचं राहतं घर जप्त होत नाही. कलम ६०ने ते वाचवलं आहे. मुदत ठेवीवर आधी हात टाकायचा. कलमांची बाग लिलावात काढायची तर सातबारा, हिस्सेदार, आणि गावात बोली लावायला कुणी पुढे न येणं, यात वर्षं जातात. ठेव मोडली की पैसे लगेच न्यायालयात जमा होतात.

बहुतेक वेळा इथे तडजोडीचं बोलणं सुरू होतं. भाऊ मध्ये पडतात, हप्ते ठरतात. अशा वेळी दोन्हीकडच्यांनी चहाच्या टपरीवर हिशेब मिटवून मोकळं होऊ नये. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम दरखास्तीत नोंदवून घ्यावी लागते. न नोंदवलेली रक्कम अंमलबजावणी करणारं न्यायालय विचारात घेत नाही. दरखास्तदाराने नोंदवली नाही तर देणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा. पूर्ण फेड झाल्याचा आदेश झाला की त्याची प्रमाणित नक्कल घ्यायची आणि शारजाच्या न्यायालयातल्या अंमलबजावणीच्या फायलीतही ती दाखल करायची, कारण तिकडे त्याच हुकूमनाम्यावर प्रवासबंदी किंवा अटकेचा आदेश अजून उभा असू शकतो. देवरुखकराला मुलीला भेटायला पुन्हा दुबईला जायचं असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी ती फाइल बंद झाल्याचा कागद त्याच्या हातात हवा.